सातबाऱ्यांचा गोषवारा मूळ पानांशी कसा ताडून पाहायचा

जमिनीच्या कामात गोषवाऱ्यावर फार काही अवलंबून असतं. शे-दोनशे गटांचे उतारे आणि फेरफार एका गठ्ठ्यात येतात. कुणीतरी ते वाचून एक तक्ता बनवतं, म्हणजे गट नंबर, क्षेत्र, पोटखराब, भोगवटादार वर्ग, खातेदार, इतर हक्क, शेवटचा फेरफार. त्या तक्त्यावरून वकील अहवाल लिहितात, बँक कर्ज मंजूर करते, घेणारा इसार देतो. यांतलं कुणीच पुन्हा मूळ पानं उघडत नाही. म्हणून तक्ता हातातून जाण्याआधी त्याची पानांशी रुजवात घालणं हे वेगळं काम आहे आणि ते ठरावीक पद्धतीनं करावं लागतं. तक्ता हातानं भरलेला असो की स्कॅनवरून संगणकानं अक्षरं ओळखून भरलेला असो, पद्धत तीच राहते.

मी गेली काही वर्षं टायटल सर्चची कागदपत्रं तपासतो. इथे २४० गटांच्या एका कामाचा आधार घेऊन सगळी पद्धत सांगतो. ते काम आमच्याकडे आलं तेव्हा तक्ता तयार होता आणि तो 'एकदा चेक केलेला' होता. चेक म्हणजे काय केलं, असं विचारल्यावर उत्तर आलं, "प्रत्येक फाइलमधले पहिले दोन-चार उतारे बघितले, बरोबर होते." ते उतारे खरंच बरोबर होते. तक्ता मात्र बरोबर नव्हता.

आधी पानाचा पत्ता

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला फाइलचं नाव, पान क्रमांक आणि उताऱ्याची तारीख हे तीन रकाने हवेतच. ते नसतील तर तपासणी सुरूच करू नका, आधी ते भरून घ्या. पान क्रमांक म्हणजे पीडीएफमधलं पान. उताऱ्यावर छापलेला क्रमांक इथे कामाचा नाही, कारण एका फाइलमध्ये पन्नास उतारे जोडलेले असतात आणि प्रत्येकावर 'पान १' छापलेलं असतं.

तारीख लागते, कारण सातबारा बदलत राहतो. गोषवारा जूनच्या उताऱ्यावरून केला आणि तुम्ही ऑगस्टमध्ये नवा उतारा काढून त्याच्याशी ताडून पाहिला, तर मधल्या काळात मंजूर झालेला वारस फेरफार तुम्हाला 'चूक' वाटेल. तपासणी नेहमी ज्या पानावरून माहिती घेतली त्याच पानाशी करायची. नवा उतारा काढायचा असेल तर जरूर काढा, पण ती वेगळी पायरी आहे आणि तिची नोंदही वेगळी ठेवायची.

एका उताऱ्याची पानं किती, हेही लिहून ठेवा. '४३' असं नको, '४३ ते ४५' असं हवं. याचं कारण पुढे कळेल. त्या २४० गटांच्या कामात आम्हाला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच सापडला.

काय जुळलं म्हणजे 'जुळलं'?

दोन माणसं एकच पान बघून एक 'बरोबर' म्हणतो आणि दुसरा 'चूक', असं होऊ नये म्हणून नियम आधी कागदावर उतरवायचे. खरी खोच दोनच रकान्यांत आहे, क्षेत्र आणि खातेदार.

क्षेत्राचं बघू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन भागांत असतं. १.०५.०० म्हणजे एक हेक्टर पाच आर. टाइप करणाऱ्याला शेजारचा वाचून दाखवतो, "एक हेक्टर, पाच आर." टाइप करणारा लिहितो १.५. पुढचा माणूस ते दीड हेक्टर समजतो. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, या हिशेबानं खरं क्षेत्र १०,५०० चौरस मीटर आणि तक्त्यातलं १५,००० चौरस मीटर. फरक ४५ आरचा पडला, म्हणजे साधारण साडेचव्वेचाळीस गुंठे. एका टिंबामागचं शून्य गळालं आणि कागदावर एकराहून जास्त जमीन वाढली.

उलटंही होतं. १.१०.०० हे क्षेत्र कुणी १.१० असं लिहिलं की स्प्रेडशीट शेवटचं शून्य खाऊन टाकते आणि १.१ दाखवते. वाचणारा ते एक हेक्टर एक आर समजतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे. हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांना तीन वेगळे रकाने द्यायचे आणि चौथ्या रकान्यात सगळ्याचे चौरस मीटर करायचे. तुलना फक्त चौथ्या रकान्याची. हेक्टर C मध्ये, आर D मध्ये आणि चौरस मीटर E मध्ये असतील तर सूत्र असं:

```
=C2*10000+D2*100+E2
```

गट नंबरच्या रकान्यालाही असाच धोका असतो. 5/2 असं टाइप केलं की स्प्रेडशीट त्याची तारीख करते, आणि ती ५ फेब्रुवारी की २ मे हे त्या संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. 118/2 ला काही होत नाही, कारण तशी तारीखच नसते. त्यामुळे चूक फक्त लहान नंबरच्या गटांत होते आणि वरवर पाहताना निसटते. रकाना भरण्याआधीच त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करून ठेवा. तारीख झाल्यावर टेक्स्ट केलंत तर मूळ नंबर परत येत नाही, तिथे पाच आकडी संख्या दिसते.

आता खातेदार. इथे नाव जुळलं की काम झालं असं नसतं, ते नाव कोणत्या नात्यानं लिहिलंय हेही जुळायला हवं. 'संदीप अ.पा.क. आई सुमन' या नोंदीत खातेदार संदीप आहे. तो अज्ञान आहे, म्हणजे वयानं सज्ञान झालेला नाही, आणि सुमन त्याची पालनकर्ती आहे. तक्त्यात सुमन खातेदार म्हणून आली तर ती घातक चूक, कारण अज्ञानाच्या मिळकतीच्या विक्रीला कोर्टाची परवानगी लागते का, हा प्रश्नच अहवालातून गायब होतो. ए.कु.पु. किंवा ए.कु.मॅ. गळालं तरी तसंच. एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून लागलेलं नाव एकट्याच्या मालकीचं दिसायला लागतं.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे कमी झालेली नावं. जुन्या संगणकीय उताऱ्यांवर मयत किंवा विकून गेलेल्या खातेदाराच्या आणि फिटलेल्या बोजाच्या नोंदीला कंस करत. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हापासून अशा नोंदीवर आडवी रेष येते. एकाच गठ्ठ्यात दोन्ही प्रकारचे उतारे असतात. अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला ती रेष बऱ्याचदा दिसतच नाही, ते खालचं नाव बिनचूक वाचतं आणि जिवंत नोंद म्हणून तक्त्यात टाकतं. हातानं भरणारा माणूसही फिकट झेरॉक्सवर हीच चूक करतो.

चुकांचे आम्ही दोनच प्रकार ठेवतो. अहवालाचा निष्कर्ष बदलेल ती घातक, आणि निष्कर्ष न बदलता दुरुस्त होईल ती किरकोळ. क्षेत्र, वर्ग, जिवंत-कमी नोंद, बोजा आणि इतर हक्कातला शेरा यांतली कोणतीही चूक घातक. नावातला ऱ्हस्व-दीर्घ किरकोळ. तीन-चार प्रकार करून पाहिले होते, पण मग चूक कोणत्या प्रकारात घालायची यावरच दिवस गेला.

वानगी काढण्याआधी बेरजा करून घ्या

माणसाची नजर महाग आहे, तेव्हा संगणकाला फुकट सापडणाऱ्या चुकांवर ती घालवू नका. हे सगळे हिशेब पहिल्या ओळीपासून २४०व्या ओळीपर्यंत चालवायचे.

लागवडयोग्य क्षेत्र अधिक पोटखराब बरोबर एकूण क्षेत्र. तिन्हींचे चौरस मीटर F, G आणि H मध्ये असतील तर:

```
=IF(F2+G2=H2,"","पाहा")
```

खातेदारनिहाय क्षेत्र दिलं असेल तर त्याची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळायला हवी. एक गट दोनदा आलाय का, एखादा गट यादीत आहे पण ओळीत नाही असं झालंय का, तेही बघायचं. आणि फेरफार नंबर. ते गावापुरते चढत्या क्रमानं चालतात, म्हणून एका गावाच्या ओळी फेरफाराच्या तारखेनं लावल्या की नंबरही साधारण चढते दिसायला हवेत. हाताच्या अक्षरात १ आणि ९ यांची गल्लत नेहमीची. १९९८ सालच्या नोंदीला ९१८७ असा नंबर दिसला आणि त्याच्या आगेमागे ११८० आणि ११९२ असतील, तर तो ११८७ असणार हे पान न उघडताच कळतं. तरी पान उघडूनच दुरुस्त करायचं, अंदाजानं नाही.

त्या कामात एवढ्यानंच १७ ओळींवर 'पाहा' आलं. दीड हेक्टरवाली ओळही त्यातच सापडली, कारण लागवडयोग्य १.०२ आणि पोटखराब ०.०३ बरोबर भरलेले होते आणि फक्त एकूण चुकलं होतं.

पण बेरीज जुळली म्हणजे पान जुळलं असं समजू नका. शेजारच्या गटाची पूर्ण ओळ चुकून इथे आली तर तिच्या सगळ्या बेरजा जुळतातच. इतर हक्कातल्या मजकुराला तर बेरीजच नसते. उरलेलं काम पानं उघडूनच होतं.

वानगी कशी काढायची

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असला तरच. उताऱ्यांचा गठ्ठा तसा नसतो. एक खातेदार आणि कोरा 'इतर हक्क' असलेला नवा, स्वच्छ उतारा कुणीही बरोबर भरतो. सतरा खातेदार, चार बोजे आणि कुळाचा शेरा असलेला उतारा चांगला माणूसही चुकतो. सगळे एकत्र करून त्यातून तीस काढले तर बहुतेक सोपेच हाती लागतात आणि निकाल उगीच चांगला दिसतो.

म्हणून आधी ढीग करायचे. आम्ही तीन केले. पहिला सरळ उताऱ्यांचा, १५० ओळी. दुसरा पाचाहून जास्त खातेदार किंवा इतर हक्कात काहीतरी मजकूर असलेल्यांचा, ६० ओळी. तिसरा हस्तलिखित फेरफाराच्या स्कॅनवर अवलंबून असलेल्यांचा, ३० ओळी. तिसऱ्या ढिगाची वानगी काढायची नाही, तो सगळा वाचायचा. तीसच पानं आहेत आणि चूक होण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

उरलेल्या दोन ढिगांतून ओळी निवडायच्या त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. तक्त्याच्या शेवटी एक रकाना घ्या, त्यात `=RAND()` भरा आणि लगेच तो रकाना कॉपी करून 'व्हॅल्यूज' म्हणून त्याच जागी चिकटवा. हे केलं नाही तर प्रत्येक वेळी आकडे बदलतात आणि उद्या कुणी विचारलं की याच ओळी का निवडल्या, तर दाखवायला काही उरत नाही. मग त्या रकान्यानं क्रम लावा आणि वरच्या हव्या तेवढ्या ओळी घ्या. निवडलेली ओळ 'हे पान फार खराब आहे, दुसरं घेऊ' म्हणून बदलायची नाही. खराब पान हाती लागलं हीच तर माहिती आहे.

मोजणी ओळींची करा, खान्यांची नको. एका ओळीत आठ खाने धरून ३० ओळी म्हणजे '२४० खाने तपासले' असं लिहायला बरं वाटतं, पण पान पुसट असलं तर पाच खाने एकदमच चुकतात. त्या आठ तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. ओळीत एक जरी घातक चूक असली तरी ती ओळ चुकीची धरायची.

किती ओळी पुरतात, हे एका सोप्या हिशेबानं ठरवता येतं. वानगीत एकही चूक सापडली नाही तर ३ ला तपासलेल्या ओळींनी भागा. शंभरात पंचाण्णव इतक्या भरवशानं म्हणता येतं की ढिगातल्या चुका त्या प्रमाणाहून जास्त नाहीत. ३० ओळी निर्दोष निघाल्या तर ३ भागिले ३०, म्हणजे १० टक्के. याचा अर्थ नीट बघा. तीस ओळींत एकही चूक सापडली नाही, तरी १५० ओळींच्या ढिगात पंधरापर्यंत चुका दडलेल्या असू शकतात. हे सांगितल्यावर बहुतेकांना पटत नाही, मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. ६० ओळी निर्दोष निघाल्या तर मर्यादा ५ टक्क्यांवर येते. चुका सापडल्या तर ३ च्या जागी दुसरा आकडा घ्यायचा: एका चुकीला ४.७, दोनला ६.३, तीनला ७.८. ढीग लहान असून त्याचा मोठा भाग तपासला असेल तर खरी मर्यादा याहून थोडी कमीच असते, म्हणजे हा हिशेब सावध बाजूलाच राहतो.

आम्ही पहिल्या ढिगातून ६० आणि दुसऱ्यातून ३० ओळी घेतल्या.

वाचताना तक्ता झाका

इथे शिस्त सुटली तर वरचं सगळं वाया जातं. तक्त्यात '१.०५' बघून मग पानावर १.०५ शोधायला गेलात तर डोळ्यांना तेच दिसतं. पुसट १.०६ सुद्धा १.०५ वाचलं जातं. तपासणाऱ्याच्या हाती फक्त फाइलचं नाव आणि पान क्रमांक द्यायचा. त्यानं पान उघडून रकाने कोऱ्या तक्त्यात नव्यानं भरायचे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून फरक काढायचं काम नंतर. तक्ता ज्यानं भरला त्यानं स्वतःची वानगी तपासायची नाही.

एका उताऱ्याला अशी पाच ते सात मिनिटं लागतात, बऱ्याच खातेदारांच्या उताऱ्याला पंधराही. स्क्रीनवर पान दोनशे टक्क्यांपर्यंत मोठं करा, कारण नावावरची आडवी रेष लहान आकारात अक्षराच्या शिरोरेघेत मिसळून जाते. सलग दोन तासांहून जास्त वेळ कुणाला बसवू नका. मी स्वतः तिसऱ्या तासात पोटखराब 'अ' आणि 'ब' यांची अदलाबदल केलेली आहे.

फरक निघाला की तिसऱ्यानं पान बघून निवाडा द्यायचा. तक्ता चुकला की तपासणारा चुकला, हे लिहून ठेवायचं. तपासणारेही चुकतात. त्यांच्या चुका लिहिल्या नाहीत तर तक्त्याच्या माथी नसलेला दोष येतो.

आमचा निकाल असा आला. पहिला ढीग, ६० ओळी, घातक चूक एकही नाही. दुसरा ढीग, ३० ओळी, दोन घातक चुका. एका ठिकाणी रेष मारलेलं नाव जिवंत धरलेलं, दुसऱ्या ठिकाणी अ.पा.क. मधली आई खातेदार झालेली. ६.३ भागिले ३० म्हणजे सुमारे २१ टक्के, ६० ओळींत बारापर्यंत चुका असू शकतात. त्यामुळे दुसऱ्या ढिगाचा निर्णय सरळ होता, उरलेल्या तीसही ओळी वाचायच्या. सापडलेल्या दोन चुका दुरुस्त करून 'आता ठीक आहे' म्हणणं ही सगळ्यात मोठी फसगत असते. त्या दोन आपल्याला चिठ्ठीत लागल्या म्हणून दिसल्या, न लागलेल्या तशाच पडून आहेत.

आता उलट्या बाजूनं: पानाकडून तक्त्याकडे

इथपर्यंतची सगळी तपासणी तक्त्यात जे आहे त्याची झाली. जे तक्त्यात यायला हवं होतं पण आलंच नाही, ते या रस्त्यानं कधीच सापडत नाही, कारण नसलेली ओळ चिठ्ठीत निघत नाही. गळालेला बोजा, गळालेला खातेदार, गळालेलं पान शोधायचं तर वानगी पानांतून काढावी लागते.

गठ्ठ्यात एकूण ३१८ पानं होती. १ ते ३१८ मधून चिठ्ठ्या टाकून ४० पानं काढली. प्रत्येक पानावर तीनच गोष्टी मोजल्या: रेष किंवा कंस नसलेली नावं किती, इतर हक्कात जिवंत नोंदी किती, आणि पानावर प्रलंबित फेरफार दाखवलाय का. मग तक्त्यात त्या पानाची ओळ शोधून आकडे जुळवले.

अकरावंच पान असं निघालं की त्याची तक्त्यात ओळच सापडेना. ते एका उताऱ्याचं दुसरं पान होतं. वर नावं संपत आली होती आणि खाली इतर हक्कात सहकारी सोसायटीचा बोजा आणि 'कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा. तक्त्यात तो गट होता, पान क्रमांक पहिल्या पानाचा होता आणि पहिल्या पानावरचं सगळं अचूक उतरलं होतं. इतर हक्काच्या खान्यात लिहिलं होतं 'निरंक'. कूळकायद्यातलं कलम ४३ म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरावरचं बंधन. टायटल अहवालात ते सुटणं म्हणजे काय, हे या कामातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तक्ता भरणाऱ्यानं प्रत्येक उताऱ्याचं फक्त पहिलं पान वाचलं होतं. ३१८ पानं आणि २४० गट, म्हणजे ७८ पानं न वाचलेली. खरं तर ही वजाबाकी पहिल्याच दिवशी करायला हवी होती, पान क्रमांक 'पासून-पर्यंत' लिहून घेतले असते तर ती आपोआप झाली असती. आमचे झाकून वाचणारेही यात फसले, कारण त्यांनाही तक्त्यातला पहिल्या पानाचाच क्रमांक दिला होता. त्यांनी ते पान इमानानं वाचलं आणि 'निरंक' लिहिलं.

चुकीचं कारण कळलं की त्या कारणाखाली येणारी सगळी पानं तपासायची. इथे ७८ पानं पूर्ण वाचली, तक्ता दुरुस्त केला आणि नव्यानं चिठ्ठ्या टाकल्या. आधी तपासलेल्या ओळी पुन्हा वानगीत धरायच्या नाहीत, त्या दुरुस्त झालेल्याच असतात आणि निकाल फुगवतात.

गोषवाऱ्यातली वाक्यं

तक्ता दुरुस्त झाला तरी त्यावरून लिहिलेला मजकूर वेगळा तपासावा लागतो. 'गट ११८, क्षेत्र १ हेक्टर ५ आर, भोगवटादार वर्ग १, तीन खातेदार, कोणताही बोजा नाही' या एका वाक्यात पाच विधानं आहेत. वाक्य तोडून प्रत्येक विधानासमोर पान क्रमांक लिहायचा. पहिल्या चार विधानांना एक पान दाखवून भागतं. पाचव्याला भागत नाही. 'नाही' असं म्हणायचं तर त्या गटाची सगळी पानं वाचलेली हवीत, म्हणून तिथे एका पानाऐवजी '४३ ते ४५, सर्व' असं लिहायचं. असं लिहिता येत नसेल तर वाक्य बदलून 'पाहिलेल्या पानांवर बोजाची नोंद आढळली नाही' असं करायचं.

गोषवाऱ्यातली अशी सगळी नकारार्थी वाक्यं वेगळी काढा: बोजा नाही, कूळ नाही, प्रलंबित फेरफार नाही, वाद नाही. त्यांची वानगी काढायची नाही, एकूण एक तपासायची. माझ्या अनुभवात घातक चुका बहुधा याच वाक्यांमागे लपतात, कारण रिकामा खाना आणि न वाचलेला खाना कागदावर सारखेच दिसतात. म्हणून तक्त्यातही 'निरंक' आणि 'पाहिलं नाही' असे दोन वेगळे शब्द ठेवा आणि कोणताही खाना कोरा सोडू नका.

पानच चुकीचं असेल तर

ही सगळी पद्धत एवढंच सांगते की गोषवारा पानाशी जुळतो. पान जमिनीशी जुळतं की नाही, हे ती सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मानणं वेगळं आणि असणं वेगळं. कधी कधी तपासताना दिसतं की फेरफारात ०.४० हेक्टर लिहिलंय आणि सातबाऱ्यावर ०.०४ चढलंय. अशा वेळी तक्ता 'सुधारायचा' मोह होतो. सुधारू नका. तक्त्यात सातबाऱ्यावर आहे तेच राहू द्या आणि शेऱ्यात लिहा: 'सातबाऱ्यावर ०.०४, फेरफार क्रमांक अमुक प्रमाणे ०.४०, तफावत.' हस्तलिखितावरून संगणकावर चढवताना झालेली लेखनाची चूक असेल तर खातेदारानं कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो. ते काम खातेदाराचं, आपलं काम तफावत दाखवण्याचं.

आणखी एक मर्यादा उताऱ्याच्या प्रकाराची. महाभूलेखवरचा विनास्वाक्षरीचा उतारा फक्त माहितीसाठी असतो. गठ्ठ्यात तसे उतारे असतील तर किती आहेत ते मोजून लिहा आणि निर्णायक गटांसाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मागवा.

शेवटी तपासणीची टीप गोषवाऱ्याला जोडायची. आमच्या त्या कामाची टीप अशी होती: 'एकूण गट २४०, पानं ३१८. बेरजांची तपासणी सर्व ओळींवर. हस्तलिखितांवर आधारित ३० आणि गुंतागुंतीच्या ६० ओळी पूर्ण वाचल्या. सरळ उताऱ्यांच्या १५० ओळींपैकी ६० चिठ्ठीनं निवडून तक्ता झाकून वाचल्या, घातक चूक आढळली नाही, त्या ढिगात ५ टक्क्यांपर्यंत शक्यता गृहीत धरावी. दुसऱ्या पानांची गळती आढळल्यानं ७८ पानं नव्यानं वाचली, त्यानंतर पानांतून ४० ची नवी वानगी, गळती नाही. सर्व नकारार्थी विधानं पूर्ण तपासली. उतारे जूनचे.' वकिलांनी ती टीप वाचून पहिल्या ढिगातले रस्त्यालगतचे बारा गट निवडले, कारण मोबदल्याची मोठी रक्कम त्यांच्यावरच होती, आणि ते पूर्ण वाचून द्यायला सांगितले. तेवढं आम्ही एका दुपारीत दिलं.